इंटर्न जाताना पोस्ट टाकतो, ती मालकाने कशी वाचायची?



या विषयावरच्या व्हिडिओत डाळ मिलचं उदाहरण घाईघाईत उरकावं लागलं, आणि खरी गोष्ट तर त्या उदाहरणातच आहे. म्हणून इथे ते हिशेबासकट, निवांत मांडतो. चहा घेऊन बसा.

आपल्या अमरावती-अकोल्याकडे आता छोट्या युनिटमध्येही कॉलेजची मुलं इंटर्नशिपला येऊ लागली आहेत. त्याचं एक कारण अभ्यासक्रमात आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाला 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं, त्याला ४ क्रेडिट असतात, आणि एका क्रेडिटला ३० तास धरले तर १२० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. दुसरं कारण म्हणजे राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि शिक्षणाप्रमाणे दरमहा ६, ८ किंवा १० हजार रुपये विद्यावेतन सरकारकडून, असा तिचा आराखडा होता. मुलं कुठल्याही वाटेने आली तरी शेवटी एक गोष्ट हमखास होते. शेवटच्या दिवशी पोरगा किंवा पोरगी तुमच्यासोबत फोटो काढते, आणि रात्री लिंक्डइनवर, फेसबुकवर किंवा निदान व्हॉट्सॲप स्टेटसला एक पोस्ट पडते. सगळ्यांचे आभार, आणि काय काय शिकलो त्याची यादी.

तुम्ही काय करता? अंगठा दाखवता, 'ऑल द बेस्ट बेटा' लिहिता आणि विसरता. माझं म्हणणं असं की ती पोस्ट नीट वाचा, आणि जमलं तर टाकायच्या आधीच वाचा. तुमच्या छोट्या धंद्याबद्दल बाहेरच्या माणसाने जाहीरपणे लिहिलेला तो बहुधा एकमेव मजकूर असतो. उद्या दुसरा विद्यार्थी, नवीन माल घेणारी पार्टी किंवा बँकेचा माणूस तुमचं नाव मोबाइलवर शोधेल, तेव्हा त्याला हाच मजकूर सापडायची शक्यता बरीच आहे.

आधी नेहमीची पोस्ट बघा

समजा, अकोल्याच्या एमआयडीसीत तुमची छोटी तूरडाळ मिल आहे. तुम्ही, एक मुनीम, एक मशीनवरचा मिस्त्री, तीन-चार हमाल आणि निवडायला येणाऱ्या बाया, एवढाच कारभार. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजातून एम.कॉम. करणारी एक मुलगी तुमच्याकडे १२० तास पूर्ण करून गेली. (हे उदाहरण आहे बरं का, कुठल्या खऱ्या मिलची किंवा मुलीची गोष्ट नाही.) तिने लिहिलं:

"सांगायला अत्यंत आनंद होतो की मी डाळ मिलमधली माझी इंटर्नशिप यशस्वीरीत्या पूर्ण केली आहे. या काळात मला खूप काही शिकायला मिळालं. टीमवर्क, वेळेचं व्यवस्थापन, संवादकौशल्य आणि प्रत्यक्ष उद्योगाचा अनुभव मिळाला. ही संधी दिल्याबद्दल सरांचे आणि संपूर्ण टीमचे मनःपूर्वक आभार."

वाचायला गोड आहे. आता यातला 'डाळ मिल' हा शब्द काढा आणि 'कापड दुकान' घाला. मग 'पॅथॉलॉजी लॅब' घाला. एक अक्षरही बदलावं लागत नाही. म्हणजे या पोस्टमधून तुमच्या मिलबद्दल आणि त्या मुलीबद्दल वाचणाऱ्याला काहीच कळलेलं नाही.

पण तुम्हाला मात्र कळायला हवं. 'शिकलो' म्हणून जे लिहिलंय त्यात तुमच्या धंद्याची एकही गोष्ट नसेल, तर बहुतेक वेळा त्या इंटर्नला धंद्याचं काम मिळालेलंच नसतं. 'एकाच वेळी अनेक कामं हाताळायला शिकलो' याचा अर्थ अनेकदा असा निघतो की झेरॉक्सपासून बँकेच्या स्लिपपर्यंत जे हाताला लागेल ते त्याच्यावर ढकललं. 'संयम शिकलो' असं असेल तर पोरगं खुर्चीवर बसून वाट बघत होतं, असं मी तरी समजतो. विद्यार्थी मालकाची तक्रार जाहीर लिहीत नाही. त्याला प्रमाणपत्र हवं असतं. त्यामुळे ती तक्रार पोस्टमध्ये काय नाही यावरून ओळखावी लागते.

आता तिला खरं काम मिळालं असं धरू

एम.कॉम.च्या मुलीला डाळ मिलमध्ये काय द्यायचं? मशीन तिला चालवायची नाही. पण एक काम असं आहे जे छोट्या मिलमध्ये कोणी नीट करत नाही आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मजेत करू शकतो. ते म्हणजे लॉटप्रमाणे उताऱ्याची वही. किती तूर आत गेली, किती डाळ, किती चुरी, किती टरफल निघालं, आणि किती माल हिशेबात बसला नाही.

तूर लगेच डाळ होत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. आधी चाळणीतून कचरा, माती, खडे काढायचे. मग रोलरवर दाण्याला ओरखडे पाडायचे, तेल चोळायचं आणि उन्हात वाळवायचं. त्यानंतर पाण्याचा हात देऊन ढीग रात्रभर मुरू द्यायचा, आणि मग पुन्हा रोलरवर घेऊन टरफल काढायचं व दाणा फाडायचा. एक लॉट शेवटपर्यंत जायला उन्हाप्रमाणे चार-पाच दिवस सहज जातात. म्हणूनच १२० तासांचं गणित महत्त्वाचं आहे. रोज आठ तास असं पंधरा दिवसांत उरकलंत, तर त्या मुलीला पूर्ण झालेले लॉट अगदी मोजके दिसतील. रोज चार तास असे तीस दिवस ठेवलेत, तर तेवढ्याच तासांत दुप्पट लॉट तिच्या वहीत येतील. शक्य असेल तर आवकीच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीपासून पुढे तिला बोलवा. जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला की ओट्यावरचं वाळवण थांबतं आणि वहीही थांबते.

पहिल्या लॉटची वही अशी दिसते असं समजा. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या मिलचे वेगळे असतील, कारण जात, दाण्याचा आकार, ओल आणि मशीन यांवर सगळं ठरतं.

१० क्विंटल, म्हणजे १००० किलो तूर आली. चाळणीत २५ किलो कचरा गेला. रोलरवर गेली ९७५ किलो. बाहेर आली डाळ ७०० किलो, चुरी आणि खंडा मिळून ११० किलो, टरफल १२० किलो. बेरीज करा. कचरा धरून ९५५ होतात. ४५ किलो माल कुठे गेला?

नवीन माणूस इथे थेट चोरीचा संशय घेतो. मुलगीही घाबरून तुमच्याकडे येईल. इथेच तिला मिलचं खरं शिक्षण मिळतं. दाणा आला तेव्हा त्यात पाणी होतं. समजा १२ टक्के. ९७५ किलोत ११७ किलो पाणी, उरलेला ८५८ किलो कोरडा माल. वाळवणीनंतर सगळ्या मालात सरासरी साडेनऊ टक्के पाणी राहिलं असेल, तर तोच ८५८ किलो कोरडा माल आता ९४८ किलो भरतो. म्हणजे ९७५ मधून २७ किलो उन्हाने नेले. मध्ये दिलेलं पाणी वाळून जातं, आणि चोळलेल्या तेलाचे दोन-तीन किलो हिशेबाच्या सोयीसाठी सोडून देऊ. ४५ मधून २७ गेले, उरले १८.

हे १८ किलो मात्र शोधायचे. थोडी धूळ असते, थोडी सांडलवंड. पण बराच माल मशीनच्या पोटात अडकलेला असू शकतो. ते ओळखायचं कसं? पुढचा लॉट बघायचा. पहिल्या लॉटमध्ये तूट आली आणि दुसऱ्यात तुटीऐवजी वाढ दिसली, किंवा तूट एकदम नाहीशी झाली, तर पहिल्याचा माल दुसऱ्यात निघाला. दोन लॉटच्या मध्ये मशीन रिकामी करून झाडायची सवय लावली की हा गोंधळ संपतो. आणि प्रत्येक लॉटला तूट साधारण सारखीच येत असेल, तर माणसांकडे बघायच्या आधी काट्याकडे बघा. प्रमाणित वजन ठेवून काटा तपासा. आत येताना एक काटा आणि बाहेर जाताना दुसरा, असं असेल तर दोन्ही तपासा.

आणखी एक बारीक गोष्ट. उतारा किती टक्के? ७०० भागिले १००० केलं तर ७० टक्के. ७०० भागिले ९७५ केलं तर ७१.८ टक्के. दोन्ही बरोबर आहेत! पण शेजारचा मिलवाला साफ मालावर सांगत असेल आणि तुम्ही खरेदीच्या मालावर, तर उगाचच तुमची मशीन खराब आहे असं वाटून तुम्ही खर्चात पडाल. ही गोष्ट तिला वहीतून कळायला तीन लॉट लागतील. मिस्त्री मात्र एका वाक्यात सांगेल: "मातीची काई डाय होत नाई, ताई. आंधी चायनी मार, मंग तोल."

बघा, आता तिच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

आणि इथूनच मालकाच्या पोटात गोळा येतो

कारण आता तिची पोस्ट अशी येईल:

"इंटर्नशिपमध्ये मी लॉटप्रमाणे उताऱ्याची वही ठेवली. आमच्या मिलचा उतारा ७० टक्के आहे. चुरी आम्ही अमुक पशुखाद्यवाल्याला अमुक भावाने देतो. नागपूरच्या मोठ्या पार्टीला ४५ दिवसांच्या उधारीवर माल जातो, त्यामुळे खेळतं भांडवल अडकतं हे मला समजलं."

पोरीने मनापासून लिहिलंय. नेमकं लिहिलंय. आणि तुमचं अर्धं दुकान रस्त्यावर मांडलंय.

असं का म्हणतो ते समजून घ्या. तुरीचा भाव बाजार समितीत रोज जाहीर होतो. फटका डाळीचा भाव बाजारात सगळ्यांना ठाऊक असतो. तुमच्या नफ्याच्या गणितात बाहेरच्या माणसाला माहीत नसलेल्या गोष्टी मोजक्याच: तुमचा उतारा, चुरी-टरफलाचे पैसे आणि उधारीचे दिवस. हे तीन कळले की माल घेणारा व्यापारी बसल्या जागी काढू शकतो की तुम्हाला क्विंटलमागे साधारण किती सुटतात, आणि मग तिथपर्यंत तो भाव पाडायला बघतो. ४५ दिवसांची गोष्ट तर आणखी वाईट. २० दिवसांत पैसे देणारी तुमची दुसरी पार्टी ते वाचते आणि म्हणते, आम्हालाच का घाई?

म्हणून बरेच मालक काय करतात? "काही लिहू नको, नुसते आभार मान." झालं, पुन्हा ती पहिली गोड पोस्ट. तुमचंही नुकसान आणि तिचंही. तिला उद्या मुलाखतीत तेवढंच दाखवायचं असतं.

यातून वाट अशी आहे. काम आणि पद्धत लिहू द्या, आकडा आणि नाव लिहू देऊ नका. 'खरेदीचं वजन आणि साफ मालाचं वजन असे दोन वेगळे रकाने ठेवले' ही पद्धत आहे. ती कोणी वाचली म्हणून तुमचं काही जात नाही. '७० टक्के' हा आकडा आहे, तो राहू द्या घरात. 'तूट शोधताना ओलीचा हिशेब वेगळा काढला' हे लिहावं. 'अमुक पार्टी', 'अमुक भाव', 'इतके दिवस' हे गाळावं. आकडा सांगायचाच असेल तर तिच्या कामाचा सांगावा: किती तास, किती लॉट, किती पानं.

मग पोस्ट अशी होते:

"अकोल्याच्या एका तूरडाळ मिलमध्ये मी १२० तासांचं ऑन जॉब ट्रेनिंग पूर्ण केलं. माझं काम होतं प्रत्येक लॉटची वजनं लिहिणं आणि तूट कुठे येते ते शोधणं. सहा लॉट पूर्ण लिहिले. पहिल्या लॉटला बेरीज जुळेना तेव्हा मी वजन लिहिताना चुकले असं वाटलं. मुनीमकाकांनी ओलीचा हिशेब शिकवला आणि बराचसा फरक वाळवणीत गेल्याचं कळलं. उतारा सांगताना तो खरेदीच्या मालावर की साफ केलेल्या मालावर, हे आधी विचारायचं, हे मशीनवरच्या मिस्त्रीकाकांनी शिकवलं. पुस्तकात मी 'प्रोसेस लॉस' वाचला होता, तो ओट्यावर वाळताना पहिल्यांदा बघितला. मशीन चालवणं आणि मालाची खरेदी मी शिकले नाही, ते माझ्या कामात नव्हतं. वही ठेवायला जागा आणि प्रश्नांना वेळ दिल्याबद्दल मालकांचे आभार. निवडणाऱ्या मावशींनी खडा आणि डाळ हाताने ओळखायला शिकवलं, त्यांचेही आभार."

यात 'काय शिकले नाही' हे वाक्य आहे. ते मुद्दाम ठेवायला सांगा. मुलांना वाटतं त्याने कमीपणा येतो. पण जो माणूस तिला नोकरीवर घेणार आहे, त्याला ह्याच वाक्यामुळे बाकीच्या वाक्यांचा भरवसा वाटतो. आणि उद्या तुम्हाला फोन आला की 'ही मुलगी मिल सांभाळू शकते का', तर तुम्हाला अडचणीत पडावं लागत नाही.

आभाराचंही बघा. नेहमीच्या पोस्टमध्ये आभार मालकाचे असतात, कारण प्रमाणपत्रावर सही त्याची. पण शिकवलं मिस्त्रीने आणि मुनीमाने. आभार 'कशाबद्दल' हे आलं की कोणी शिकवलं ते आपोआप येतं. मला विचाराल तर मालकाने हे बघून खूश व्हावं. 'सगळं सरांनी शिकवलं' असं लिहिलेलं दिसलं की वाचणाऱ्याला कळतं, इथे एका माणसाशिवाय पान हलत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. मिस्त्रीचं नाव लिहायचं का? एमआयडीसीत चांगल्या मिस्त्रीवर सगळ्यांचा डोळा असतो. काही मालक म्हणतात, नाव लिहिलं की उद्या त्याला दुसरा नेईल. माझं मत असं की चांगला मिस्त्री कोणत्या मिलमध्ये आहे हे मिलवाल्यांना आधीच माहीत असतं, त्यासाठी कोणी लिंक्डइन उघडत नाही. पण नाव त्याचं आहे, तेव्हा विचारायचं त्यालाच. बायांच्या बाबतीत तर नक्की विचारा. फोटो आणि नाव इंटरनेटवर गेलेलं अनेकींना चालत नाही. तिथे 'मावशी' पुरे आहे.

फोटोत मागे काय आहे?

मजकूर तपासतात, फोटो कोणी तपासत नाही. ऑफिसात टेबलाशी उभं राहून फोटो काढतात आणि टेबलावर उघडं बिल असतं. त्यावर पार्टीचं नाव, जीएसटी नंबर, भाव, बँकेचा खाते क्रमांक. मोबाइलवर बोटांनी मोठं केलं की सगळं वाचता येतं. मागे फळ्यावर आजचे भाव आणि येणं-देणं लिहिलेलं असतं. गोदामात काढलात तर थप्पीवरच्या कट्ट्यांवर पार्टीचा मार्का. कोणाचा माल तुम्ही भरडून देता हे लगेच कळतं. फोटो मिलच्या दारात, बोर्डाखाली काढा. नाहीतर रिकाम्या ओट्यावर. फार छान येतो, ऊनही असतं.

मजकुरातले काही शब्द मात्र कायद्याच्या अंगाने बघावे लागतात. उत्साहात मुलं लिहितात, 'इथली डाळ शंभर टक्के ऑरगॅनिक', 'कसलंही पॉलिश नाही', 'मधुमेहावर गुणकारी'. तिच्या पानावर आहे तोवर ते एका विद्यार्थिनीचं कौतुक आहे. तुम्ही तेच तुमच्या मिलच्या पानावर शेअर केलंत की ती तुमची जाहिरात होऊ शकते. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. ऑरगॅनिक म्हणायला प्रमाणीकरण लागतं, आणि रोग बरा करण्याचा दावा तर करायचाच नाही. तेव्हा शेअर करायच्या आधी असे शब्द काढायला सांगा. लिंक्डइनवर टाकलेली पोस्ट नंतरही दुरुस्त करता येते, पण कोणी तोवर स्क्रीनशॉट घेतला असेल तर तो दुरुस्त होत नाही.

प्रमाणपत्र आणि पोस्ट जुळली पाहिजे

हे थोडक्यात सांगतो, पण सोडू नका. पोस्टमध्ये 'ऑपरेशन्स मॅनेजर इंटर्न' आणि प्रमाणपत्रावर 'प्रशिक्षणार्थी', असा फरक अनेकदा दिसतो. पोस्टमध्ये 'सहा महिने' आणि कागदावर १२० तास, हाही. नोकरी देणारा दोन्ही शेजारी ठेवून बघतो, आणि फोन तुम्हाला करतो. म्हणून चार गोष्टी दोन्हीकडे एकसारख्या हव्यात: फर्मचं नाव उद्यम नोंदणीवर किंवा जीएसटीवर जसं आहे तसंच, सुरू आणि शेवटची तारीख, तास, आणि कामाचं नाव. सरकारच्या योजनेतून आलेला असेल तर त्याला 'कर्मचारी' म्हणू नका. विद्यावेतन सरकार देतं, आणि ते प्रशिक्षण असतं.

हे सगळं जुळवायला सोपी पद्धत अशी. इंटर्नला पहिल्याच दिवशी शंभर पानी वही द्या आणि सांगा, रोज घरी जायच्या आधी दोन ओळी लिही. आज काय केलं, कोणी काय शिकवलं. शनिवारी तुम्ही पाच मिनिटं ती वही बघा आणि सही करा. तीस दिवसांनी पोस्टही त्यातून निघते, कॉलेजचा अहवालही त्यातून निघतो आणि प्रमाणपत्रावरचे तासही. ज्या आठवड्यात त्या ओळी रिकाम्या आहेत किंवा 'बिलं फाइल केली' एवढंच सलग दिसतं, त्या आठवड्यातच काम बदलून द्या. शेवटच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

पोस्ट टाकायच्या आधी दाखवायला सांगायचं का? सांगा, पण पहिल्या दिवशी सांगा. "तुझे शब्द मी बदलणार नाही, फक्त आकडे, नावं आणि फोटो बघेन" असं स्पष्ट बोला. आणि मग खरंच शब्द बदलू नका. मालकाने 'सर हे माझे गुरू' वगैरे घालून सुधारलेली पोस्ट दुरूनही ओळखू येते.

बाहेर कोणाला उपयोग होतो म्हणाल, तर उदाहरण जवळच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल घेऊन गावागावांत शेतकरी आणि बचत गट धंद्यात उतरतात. त्यांच्यातला कोणी मोबाइलवर 'तूरडाळ तूट' असं काही शोधत असेल, आणि त्याला त्या मुलीची पोस्ट सापडली, तर साफ मालाचा वेगळा रकाना ठेवायची गोष्ट त्याला फुकटात कळते. आणि ती तुमच्या मिलमध्ये शिकायला मिळाली हेही कळतं. तो तुमचा स्पर्धक होईल ही भीती मला फारशी वाटत नाही. त्याला उद्या जास्तीचा माल भरडून घ्यायचा असेल तर तो ओळखीच्या नावाकडेच येईल.

आता पोस्टखाली तुम्ही काय लिहायचं? 'ऑल द बेस्ट' नको. तिने लिहिलेल्या कामातली एक गोष्ट खरी असल्याचं लिहा: "दोन रकान्यांची वही तूच सुरू केलीस, आता मुनीमजी ती पुढे चालवतात." मालकाने स्वतःच्या नावाने केलेली ही नोंद तिला प्रमाणपत्राइतकीच उपयोगी पडते. फक्त वही खरंच चालू असेल तरच लिहा. ती गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात वही कपाटात गेली असेल, तर पुढच्या वर्षी येणारा इंटर्न ती पोस्ट वाचून आलेला असेल आणि पहिल्याच दिवशी विचारेल, "सर, ती वही कुठे आहे?"

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत जातं. तिने फक्त तिथेच टाकलं असेल तर मजकूर मागून घ्या, तिची परवानगी घ्या आणि प्रमाणपत्राच्या प्रतीसोबत एका फाइलमध्ये लावून ठेवा. पुढच्या विद्यार्थ्यासाठी कॉलेजचं पत्र आलं की त्याला काय काम द्यायचं, याचा अर्धा आराखडा त्याच फाइलमध्ये मिळेल.